सायीच्या दह्याचे लोणी गोळाच होत नाही : तापमान, पाणी आणि बाकीची कारणे

वैदेही_नागपूर

नमस्कार. म्हशीच्या दुधाची साय फ्रीजमध्ये साठवून, पुरेशी झाली की तिला विरजण लावून मी घरीच लोणी काढते. थंडीत हे काम बिनबोभाट होते, परंतु मे महिना उजाडल्यापासून लोणी गोळा व्हायचे नाव घेत नाही.

गेल्या खेपेला साधारण सहाशे ग्रॅम सायीचे दही होते. रात्री ओट्यावर विरजले होते आणि सकाळी तसेच मिक्सरच्या मोठ्या भांड्यात घातले. दही कोमट लागत होते, म्हणून बर्फाचे सात-आठ खडे टाकून फिरवायला सुरुवात केली. थोड्याच वेळात सगळे फुगून झाकणाला टेकले आणि पुढे कितीही फिरवले तरी दाट, पांढरा फेस जसाच्या तसा राहिला. शेवटी तो फेसच कढईत ओतून कढवला. तूप निघाले, पण बेरी भरमसाट निघाली आणि ताकावर पाणी सोडावे लागले.

माझे प्रश्न तीन आहेत. घुसळताना दही नेमके किती गार असावे? पाणी किती घालावे आणि कधी घालावे? आणि लोणी जमत नसेल तर दही जास्त गरम आहे की जास्त गार, हे पाहून कसे ओळखावे?

भालचंद्र_पुणे

उत्तर सोपे आहे. उन्हाळ्यात दही जितके गार, तितके लोणी लवकर येते. आमच्याकडे फ्रीजमधले बर्फाळ पाणीच वापरतात. आपण बर्फ कमी घातलात, दुप्पट घालून पाहा.

स्नेहल_क

माझेही असेच होते. तूप रवाळ व्हावे म्हणून कढवताना शेवटी पाण्याचा हबका मारावा की विड्याचे पान घालावे, याविषयी कोणी सांगेल का?

ताकपिठी

स्नेहलताई, आपण दोन स्थानके पुढे गेलात. इथे अजून लोण्याचीच गाडी यायची आहे.

दुग्धालय_निवृत्त

मी अनेक वर्षे दूध प्रक्रियेच्या कामात होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

भालचंद्रराव, आपले म्हणणे निम्मे बरोबर आहे. सायीतील स्निग्धांश अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात असतो आणि प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण असते. घुसळताना हे थेंब एकमेकांवर आपटतात, आवरण फाटते आणि ते एकमेकांना चिकटत जातात. चिकटण्यासाठी थेंबातील काही स्निग्धांश गोठलेला आणि काही पातळ असावा लागतो. सगळाच पातळ असेल तर थेंब एकमेकांत मिसळून पुन्हा फुटत राहतात आणि लोणी आले तरी तेलकट, भांड्याला माखणारे येते. सगळाच गोठलेला असेल तर चिकटायला काही उरत नाही, थेंब नुसते आपटून परत फिरतात आणि मधल्या वेळात हवा कोंडून फेस होतो. म्हणून ‘जितके गार तितके चांगले’ हा नियम एका मर्यादेपर्यंतच खरा आहे.

म्हशीच्या सायीच्या दह्यासाठी, मिक्सर वापरायचा असल्यास, सुरुवातीला १४ ते १६ अंश सेल्सिअस हे तापमान मला सोयीचे वाटते. पात्याच्या घर्षणाने ते दोन-तीन अंश वाढते आणि साधारण १७-१८ ला कणी धरते. गाईचा स्निग्धांश मऊ असतो, तिथे आणखी दोन अंश कमी ठेवावे.

वैदेहीताईंच्या बाबतीत मला वेगळीच शंका येते. त्यांनी दही रात्रभर ओट्यावर ठेवले होते. नागपुरात मे महिन्यात रात्रीसुद्धा स्वयंपाकघर तीस अंशांच्या आसपास असते, म्हणजे सकाळी सायीतील बहुतेक स्निग्धांश पातळ असणार. अशा दह्यात ऐनवेळी बर्फ टाकला तर दही लगेच गार होते, पण आतला स्निग्धांश त्याच वेगाने नीट गोठत नाही, त्याला काही तास लागतात. तापमापी पंधरा अंश दाखवत असली तरी थेंब आतून त्या तापमानाला शोभेल इतके तयार झालेले नसतात. दही लागले की ते किमान पाच-सहा तास, शक्यतो रात्रभर, फ्रीजमध्ये ठेवावे आणि मग हवे त्या तापमानावर आणावे. ओट्यावरून थेट मिक्सरमध्ये हा प्रवास उन्हाळ्यात टाळावा.

ताई, पुढील उत्तरासाठी तीन गोष्टी कळवाव्यात. भांडे किती मोठे होते, दूध कोणते होते आणि पाणी मुळीच घातले नव्हते का?

वैदेही_नागपूर

सविस्तर उत्तराबद्दल आभार, काका. भांडे दीड लिटरचे आहे आणि सगळे दही एकदमच घातले होते. दूध गवळ्याकडचे, म्हशीचे, न तापवलेले येते. मी ते तापवून गार करते आणि साय काढते. पाणी वेगळे घातले नव्हते, बर्फाचे जे झाले तेवढेच.

दुग्धालय_निवृत्त

मग हिशेब मांडता येईल. बर्फाचा एक खडा वीस ग्रॅमचा धरला तर आपण दीडशे ग्रॅमच्या आसपास बर्फ घातलात. सहाशे ग्रॅम दही तीस अंशांचे असेल आणि तो सगळा बर्फ विरघळला असेल, तर मिश्रण पाच अंशांच्या आसपास उतरते. तीस अंशांवरून सोळावर आणायला जेमतेम चार-पाच खडे पुरले असते. म्हणजे सुरुवातीला दही खूप गरम होते आणि दोन मिनिटांत ते खूप गार झाले. भालचंद्ररावांच्या सल्ल्याप्रमाणे बर्फ दुप्पट केला असता तर फिरणारे पाते बर्फाच्या चुऱ्यातच अडकले असते.

भांड्याचेही एक आहे. दीड लिटरच्या भांड्यात सहाशे ग्रॅम दही आणि बर्फ म्हणजे ते निम्म्याहून अधिक भरले. वर मोकळी जागा नसली की फेस झाकणाला टेकतो, आतले मिश्रण आपटत नाही, पात्याभोवती एकाच जागी गरगरते. असा लठ्ठ फेस झाल्यावर वेग वाढवून उपयोग नसतो. तो निम्मा दुसऱ्या भांड्यात काढावा, थोडे पाणी घालून पातळ करावा आणि थांबून थांबून फिरवावे.

कृष्णाकाठ

आमच्याकडे चार म्हशी आहेत, म्हणून एक भर घालतो. काकांनी सांगितलेले तापमान बरोबर असले तरी सगळ्या म्हशींना एकच तापमान लागू पडत नाही. सरकीची पेंड भरपूर घातली की लोणी घट्ट होते, थंडीत तर सुरीने कापावे लागते. ओला चारा मुबलक असला की तेच लोणी हाताला मऊ लागते. आमची आई पेंडीच्या दिवसांत दह्यात ऊन पाणी घालते आणि हिरव्या चाऱ्याच्या दिवसांत रांजणातले गार पाणी घालते. तापमापी घरात कधीच नव्हती. तिचा अंदाज असा की कणी मोहरीएवढी झाली आणि ताक पातळ, निळसर पांढरे दिसू लागले की गाडी रुळावर आली. ताक दाट आणि दुधट दिसत असेल तर लोणी अजून ताकातच आहे.

रत्नागिरीची_मावशी

पाण्याबाबत काका फारसे बोलले नाहीत, म्हणून मी लिहिते. आमच्या आजीच्या वेळी डेऱ्यात दही घातले की लगेच निम्मे पाणी घालत आणि मगच रवी धरत. नुसत्या घट्ट दह्यात रवी फिरवली तर दही रवीबरोबर फिरते, घुसळले जात नाही. हल्ली मंडळी पाणी शेवटी घालतात आणि मग लोणी येत नाही म्हणून तक्रार करतात. पाणी आधीच घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुग्धालय_निवृत्त

मावशी, आपण ज्या डेऱ्याबद्दल लिहिता त्यात बहुधा सबंध दुधाचे दही असे. म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, तेव्हा असे दही म्हणजे मुख्यतः प्रथिनांची घट्ट कवडी आणि थोडा स्निग्धांश. ती फोडून पातळ केल्याशिवाय थेंब हलणारच नाहीत, म्हणून तिथे आधी पाणी हवेच. सायीचे दही त्याहून बरेच स्निग्ध असते. त्यात सुरुवातीलाच भरमसाट पाणी घातले तर थेंब एकमेकांपासून लांब जातात, आपटण्याची संधी कमी होते आणि वेळ वाढतो. पाण्याचे दोन डाव असतात, असे समजा. पहिल्या वेळी दही सैल होऊन पात्याखाली सहज फिरेल इतकेच पाणी, म्हणजे सायीच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश. कणी दिसू लागली की दुसऱ्या वेळी गार पाणी, पहिल्याइतके किंवा थोडे अधिक, म्हणजे ताक पातळ होते, कणी वर येते आणि एकमेकांना बिलगून गोळा होते.

पाण्याने तापमानही साधता येते. समजा, दही फ्रीजमधून काढून ढवळत ढवळत १२ अंशांवर आणले. त्या सहाशे ग्रॅम दह्यात माठातले २५ अंशांचे दोनशे मिलिलिटर पाणी घातले तर मिश्रण सोळाच्या जवळ येते, आणि आपल्याला हवे ते नेमके तेवढेच आहे. हेच पाणी नळाचे, उन्हात तापलेले, चाळीस अंशांचे असेल तर मिश्रण वीसच्या जवळ जाईल. माठातल्या पाण्याने येणारे लोणी नळाच्या पाण्याने न येण्याचे कारण हेच.

ताकपिठी

मावशींची आजी आणि काकांची तापमापी यांचा सामना बरोबरीत सुटलेला दिसतो. आता कोणीतरी रवी उजवीकडून फिरवायची की डावीकडून, हा वाद काढा म्हणजे धागा परिपूर्ण होईल.

रत्नागिरीची_मावशी

दोरी ओढली की रवी दोन्ही बाजूंना फिरते, त्यामुळे तो वाद आमच्याकडे कधी उद्भवलाच नाही. काकांचे सबंध दुधाच्या दह्याचे म्हणणे मान्य आहे. परंतु सायीच्या दह्यातही मी पाणी आधीच घालते आणि लोणी येते, हेही नोंदवून ठेवते.

दुग्धालय_निवृत्त

आपण हाताने घुसळता, मावशी. हाताच्या रवीने वेग कमी आणि वेळ जास्त असतो, त्यामुळे दही पातळ असले तरी सावकाश कणी धरते. तेही एखाद-दोन अंश अधिक तापमानाला चालते. मिक्सरमध्ये मात्र वेग इतका असतो की कणी धरलेली असताना दोन मिनिटे जास्त फिरवले, तर तीच कणी पुन्हा फुटून ताकात मिसळते. वेळ आणि वेग यांचा हिशेब वेगळा असल्यामुळे दोघांचेही बरोबर असू शकते.

मिहिर_न्यूजर्सी

माझा प्रश्न थोडा निराळा आहे. येथे दुकानात मिळणाऱ्या दुधावर साय धरतच नाही. उकळून ठेवले तरी पातळ पापुद्रा येतो आणि तो साठवून विरजला तरी लोणी येत नाही, तापमान कितीही नीट ठेवले तरी. दोष माझा की दुधाचा?

दुग्धालय_निवृत्त

दुधाचा. तिथले बहुतेक दूध होमोजिनाइज्ड असते, म्हणजे दाबाने स्निग्धांशाचे थेंब अतिशय बारीक करून त्यांच्यावर प्रथिनांचे नवे आवरण बसवलेले असते. असे थेंब वरही येत नाहीत आणि घुसळून सहज फुटतही नाहीत. आपल्या हातात येतो तो पापुद्रा मुख्यतः प्रथिनांचा असतो. आपण ‘हेवी क्रीम’ म्हणून मिळणारी मलई घ्यावी. त्यात किमान ३६ टक्के स्निग्धांश असतो. तिला दोन चमचे ताज्या दह्याचे विरजण लावा, खोलीच्या तापमानाला दहा-बारा तास ठेवा, मग रात्रभर गार करून वरच्या रीतीने घुसळा. आपल्याकडच्या पिशवीच्या दुधातही काही प्रकार होमोजिनाइज्ड असतात. पिशवीवर तसे छापलेले असते, ते वाचूनच साय साठवायला घ्यावी.

भालचंद्र_पुणे

काका, बर्फाबाबत मी निम्मे बरोबर ठरलो, हेही नसे थोडके. मात्र माझी एक गोष्ट तरी पूर्ण बरोबर असावी, ती म्हणजे दही चांगले आंबट हवे. गोड दह्याचे लोणी येतच नाही.

दुग्धालय_निवृत्त

येत नाही असे नाही, गोड मलई घुसळूनही लोणी निघते, जगभर तसे काढतात. दही लागल्यावर आम्लतेमुळे थेंबावरचे आवरण कमजोर होते आणि ते लवकर फुटते, म्हणून आंबट दह्याचे काम सोपे होते आणि ताकात कमी स्निग्धांश राहतो. साय अर्धवट विरजलेली असेल तर वेळ जास्त लागतो, एवढे तुमचे खरे. पण साय खूप दिवस साठवून अति आंबवली तर लोण्याला कडवट, उग्र वास येतो आणि तिचा फेसही जास्त होतो. ताज्या सायीचे दही चवीला आंबूस लागले की पुरे.

कृष्णाकाठ

साय रोजच्या रोज थोड्या विरजणात मिसळत गेली की ती शिळी होत नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशीच भांड्यात चमचाभर दही घालतात आणि रोजची साय त्यात टाकून ढवळून ठेवतात. शेवटच्या दिवशी टाकलेली साय मात्र किमान एक रात्र विरजू द्यावी, नाहीतर तेवढीच गोडी राहते.

वैदेही_नागपूर

काल सगळे तंतोतंत करून पाहिले. दही संध्याकाळी लागले, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी काढल्यावर चहाच्या तापमापीने मध्यभागी ६ अंश दिसले. भांडे उघडून ढवळत बसले, तेव्हा सावकाश १२ वर आले. दीड लिटरच्या भांड्यात दोन वेळा निम्मे निम्मे घातले, प्रत्येक वेळी शंभर मिलिलिटर माठातले पाणी. थांबून थांबून फिरवले. आधी नेहमीसारखे दाट झाले, तेव्हा धसका बसला, पण मिक्सरचा आवाज एकाएकी बदलला. पात्याचा घरघराट हलका झाला, खाली पाण्यासारखे काहीतरी खळखळू लागले आणि झाकणाच्या काचेवर रव्यासारखे पांढरट दाणे चिकटले. लगेच थांबून गार पाणी ओतले आणि दोन-तीनदा हलकेच फिरवल्यावर गोळा वर आला. त्याचे वजन २१० ग्रॅम भरले आणि ताक पातळ, निळसर झाले.

काका, ताकात किती लोणी राहिले ते पाहायचे असेल तर काय करावे?

दुग्धालय_निवृत्त

ताक उंच भांड्यात फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. वर घट्ट, जाड थर आला तर स्निग्धांश ताकात गेला होता, असे समजावे. पातळशी पांढरी साय दिसली तर ठीक आहे, थोडा अंश ताकात राहतोच. आपल्या सहाशे ग्रॅम सायीच्या दह्यात तीस टक्के स्निग्धांश धरला तर तो १८० ग्रॅम होतो आणि घरच्या लोण्यात वीस टक्क्यांच्या आसपास पाणी धरले तर पूर्ण लोणी सव्वादोनशे ग्रॅम. म्हणजे २१० हा आकडा उत्तम आहे. साय मात्र दर खेपेला तितकीच स्निग्ध नसते, त्यामुळे पुढच्या वेळी कमी भरले तर घाबरू नये.

संशयात्मा

मी आतापर्यंत वाचत होतो. एक शंका आहे. वैदेहीताईंनी एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या: रात्रभर गार केले, बर्फ बंद केला, पाणी घातले आणि भांडे निम्मेच भरले. मग लोणी कशामुळे आले, हे आपण कसे ठरवणार? मला वाटते, नुसते भांडे निम्मे भरूनही ते आले असते.

दुग्धालय_निवृत्त

शंका रास्त आहे. माझा भर रात्रभर गार करण्यावर आहे, कारण उन्हाळ्यातच तक्रार होते आणि थंडीत भांडे तितकेच भरूनही लोणी येत होते. तरीसुद्धा हे अनुमान आहे. ताईंना हौस असेल तर पुढच्या वेळी भांडे निम्मेच भरावे, पण दही ओट्यावरून थेट चार-पाच खड्यांच्या बर्फात सोळावर आणून फिरवावे. लोणी आले तर संशयात्म्यांचे बरोबर.

वैदेही_नागपूर

अर्ध्या दह्यावर हा प्रयोग करीन, म्हणजे निदान अर्धे लोणी खात्रीने मिळेल.

कृष्णाकाठ

प्रयोग करताना बाकीचे सगळे सारखे ठेवा, दूध तर तेच हवे. एक सायीचे दही गवळ्याकडचे आणि दुसरे पिशवीचे असे झाले तर निकालच लागणार नाही.

स्नेहल_क

माझ्या तुपाच्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले.

रत्नागिरीची_मावशी

स्नेहल, त्यासाठी वेगळा धागा काढ, मी तिथे लिहीन. तोवर एवढे ध्यानात ठेव की लोणी कढवण्याआधी गार पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्यावे आणि ताकाचे शेवटचे पाणी निथळू द्यावे. ताक जितके कमी राहील तितकी बेरी कमी होते आणि तूप करपण्याचा धोकाही कमी होतो.